पत्ता भाड्याचा, पुरावा नोंदणीचा

भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या नावावर त्या घराचा एकही कागद नसतो. लाइट बिल मालकाच्या नावावर येतं, घरपट्टीची पावती मालकाची, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावतीही त्याचीच. लँडलाइन फोन आता फारसे कुणी घेत नाही आणि त्यामुळे फोनचं बिल दाखवायची जुनी सोयही गेली. त्यामुळे गॅस, पासपोर्ट, मतदार यादी, मुलांचा शाळाप्रवेश यांपैकी कुठल्याही कामासाठी गेलं आणि “तुम्ही इथे राहता याचा पुरावा द्या” असं कुणी म्हटलं, की भाडेकरूच्या हातात एकच कागद उरतो, तो म्हणजे भाडेकरार. तो नोंदणीकृत असेल तर काम होतं. नुसता नोटरी केलेला असेल तर बहुतेक खिडक्यांवरून तो परत येतो.

महाराष्ट्रात हा फरक नीट समजून घेणं विशेष गरजेचं आहे, कारण इथला कायदा बाकीच्या बऱ्याच राज्यांपेक्षा वेगळा आहे आणि तरीही दलाल आणि मालक दोघांच्याही तोंडी दुसरीकडचाच नियम असतो. “अकरा महिन्यांचं करा, म्हणजे रजिस्टर करायला लागत नाही,” हे वाक्य घर शोधणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याचं मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. त्या कायद्याच्या कलम १७ नुसार एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून मुदत वर्षाच्या आत ठेवायची आणि नोंदणी टाळायची, ही पद्धत देशभर रुळली. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं, की घर भाड्याने देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देण्याचा कुठलाही करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. मुदत किती, याचा तिथे प्रश्नच येत नाही. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो आणि सहा महिन्यांचाही.

याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या भाडेकरूंना सहसा कुणी सांगत नाही. पहिली, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरी, करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडं किती ठरलं होतं, डिपॉझिट किती दिलं होतं, अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं असल्याचं सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. म्हणजे नोंदणी टाळून मालक आपलीच बाजू कमकुवत करून ठेवतो. “रजिस्टर केलं की भाडेकरू डोक्यावर बसतो” या समजाच्या हे नेमकं उलट आहे. त्या समजाकडे पुढे येऊच.

नोटरीचा शिक्का म्हणजे काय, हेही एकदा स्पष्ट व्हायला हवं. नोटरी वकील समोरच्या माणसाने आपल्यापुढे सही केली एवढंच प्रमाणित करतो आणि आपल्या वहीत त्याची नोंद ठेवतो. तो कागद कुठल्याही सरकारी दप्तरात जात नाही. उद्या पासपोर्ट अधिकाऱ्याला किंवा शाळेच्या पडताळणी समितीला तो खरा आहे का हे बघायचं झालं, तर बघायला जागा नसते. नोंदणीकृत दस्ताचं तसं नसतं. तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात क्रमांकासह नोंदला जातो, दोन्ही बाजूंचे फोटो आणि अंगठे त्यात असतात, आणि त्याची नोंद सरकारकडे कायम राहते. पुराव्याची किंमत या पडताळता येण्यात आहे. पाचशेच्या स्टँप पेपरवर कितीही सुबक टंकलेलं असलं, तरी ही गोष्ट त्या कागदात येत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. हे जोडपं कल्पित आहे, पण त्यांच्या अडचणी रोजच्या आहेत. दोघं लातूरचे, नोकरीसाठी पुण्यात वाकडला आले. वन बीएचके फ्लॅट मिळाला, भाडं महिना १६,००० रुपये, डिपॉझिट ८०,००० रुपये. दोघांच्याही आधार कार्डावर लातूरचा पत्ता आहे. दलालाने सुचवलं की अकरा महिन्यांचं नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल. मालकाचीही हरकत नव्हती. पण पत्नीला कंपनीकडून परदेशी जायची शक्यता होती, पासपोर्ट काढायचा होता. म्हणून त्यांनी दोन वर्षांचा करार नोंदवून घ्यायचं ठरवलं.

खर्च किती आला असता, तो हिशेब आधी करू. कारण “रजिस्ट्रेशन फार महाग” हे कारण सगळ्यात आधी पुढे केलं जातं. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे शेकडा चार आणे लागतं. ते कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम काही दिली असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर वर्षी दहा टक्के दराने धरलेलं व्याज. आपल्या जोडप्याचं चोवीस महिन्यांचं भाडं होतं ३,८४,००० रुपये. ऐंशी हजारांवर दोन वर्षांचं दहा टक्क्यांनी व्याज १६,००० रुपये. बेरीज चार लाख. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,००० रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. याशिवाय दस्त हाताळणीचं थोडं शुल्क असतं, ते भरताना पडद्यावर दिसतं. म्हणजे चार लाखांच्या व्यवहारासाठी सरकारला जाणारी रक्कम दोन हजारांच्या थोडी वर. दोन वर्षांवर पसरली तर महिन्याला शंभर रुपयेही नाही. दलाल याच कामाचे पाच-सहा हजार सांगत असेल, तर वरचे पैसे कुणाच्या सेवेचे आहेत हे विचारायला हरकत नाही. ही सेवा घेणं बंधनकारक नसतं.

हा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना लागू आहे. त्यामुळे दरवर्षी अकरा महिन्यांचा नवा करार करून दरवर्षी नोंदणी फी भरण्यापेक्षा मालकाची तयारी असेल तर दोन किंवा तीन वर्षांचा एकच करार करणं भाडेकरूला परवडतं. दुसऱ्या वर्षी भाडं वाढणार असेल तर ते करारातच लिहिता येतं आणि मुद्रांक त्या वाढीव रकमेसकट काढला जातो. मधेच घर सोडायचं झालं तर किती दिवसांची आगाऊ सूचना द्यायची आणि सुरुवातीचे किती महिने सोडता येणार नाही, तेही लिहून ठेवावं. नाहीतर लांब मुदतीचा करार भाडेकरूच्याच गळ्यात येऊ शकतो.

नोंदणीसाठी आता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सच्या ई-नोंदणीची सोय आहे. घर ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा निवडायचा, पासवर्ड ठेवायचा, मग घराचा तपशील, मालकाचा आणि भाडेकरूचा तपशील, भाडं-डिपॉझिट-मुदत आणि शेवटी अटी भरायच्या. त्यातून कराराचा मसुदा तयार होतो. तो वाचून पक्का केला की मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो संगणकाच्या कॅमेऱ्याने घेतले जातात आणि अंगठ्याच्या यंत्रावर ठसे देऊन आधारशी ओळख पटवली जाते. पैसे ऑनलाइन चलनाने भरायचे आणि दस्त सादर करायचा. मग तो दुय्यम निबंधकाच्या पडद्यावर जातो. सगळं ठीक असेल तर तो दस्त नोंदवतो, काही चूक असेल तर दुरुस्तीसाठी परत पाठवतो.

अंगठ्याचं यंत्र घरी नसतं म्हणून लोक विभागाने नेमलेल्या अधिकृत सेवा पुरवठादाराला बोलावतात. तो लॅपटॉप आणि यंत्र घेऊन घरी येतो, आणि हे सोयीचंही आहे. मालक आणि भाडेकरू यांनी एकाच वेळी एकाच जागी बसायची गरज नसते, हा ई-नोंदणीचा मोठा फायदा. मालक नागपूरला असेल तर तो तिथे अंगठा देऊ शकतो, भाडेकरू पुण्यात. अडतं ते बहुधा वयस्कर मालकांच्या बाबतीत. हाताच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. दुसरं बोट चालतं का ते आधी पाहावं, नाहीच जमलं तर कार्यालयात समक्ष जाऊन नोंदणी करता येते. मालक परदेशी असेल तर त्याने दिलेलं मुखत्यारपत्र ज्याच्याकडे आहे त्याने करार करायचा. मात्र ते मुखत्यारपत्र भाडेकरूने स्वतः पाहून घ्यावं. “मी भाऊच आहे त्यांचा” एवढ्यावर पैसे देऊ नयेत.

हे सगळं करूनही पत्त्याच्या पुराव्यासाठी करार कमी पडतो, अशी उदाहरणं बरीच आहेत, आणि त्यामागची कारणं मसुद्यात असतात. आपल्या वाकडच्या जोडप्याने करार केला तेव्हा भाडेकरू म्हणून फक्त नवऱ्याचं नाव घातलं. सवयीने तसंच केलं जातं. मसुदा भरणाऱ्याने विचारलं नाही आणि यांनाही सुचलं नाही. तीन महिन्यांनी पत्नी पासपोर्टचा अर्ज करायला बसली तेव्हा लक्षात आलं, की करार नोंदणीकृत आहे, पण त्यात तिचं नावच नाही. कागदोपत्री ती वाकडच्या फ्लॅटमध्ये राहतच नाही.

यावर मार्ग नाहीत असं नाही, पण सगळे लांबचे आहेत. पासपोर्टच्या यादीत नवरा किंवा बायको यांच्या पासपोर्टची प्रत चालते, पण त्यावर अर्जदाराचं जोडीदार म्हणून नाव हवं आणि सध्याचा पत्ता एकच हवा. नवऱ्याकडे वाकडच्या पत्त्याचा पासपोर्ट असता तर प्रश्न मिटला असता, पण तो नव्हता. दुसरा मार्ग आधारचा. २०२३ च्या सुरुवातीपासून कुटुंबप्रमुखाच्या आधारे घरातल्या इतरांचा पत्ता आधारमध्ये बदलून घेता येतो. नवऱ्याने आधी करार देऊन आपला पत्ता बदलायचा, मग लग्नाचा दाखला किंवा नात्याचा दुसरा पुरावा जोडून पत्नीने अर्ज करायचा, त्याला नवऱ्याने आपल्या आधारवरून संमती द्यायची. मग तिचा आधार वाकडचा होतो आणि तो पासपोर्टला चालतो. हे जमतं, पण एकामागून एक दोन अर्जांची वाट पाहावी लागते. करार करतानाच तिचं नाव दुसरी भाडेकरू म्हणून घातलं असतं तर मुद्रांक शुल्कात एका रुपयाचाही फरक पडला नसता, कारण ते भाड्यावर लागतं, माणसांच्या संख्येवर नाही. फक्त तिचा एक अंगठा आणि एक फोटो जास्त लागला असता. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचं नाव करारात भाडेकरू म्हणून घाला. तीन मैत्रिणी मिळून फ्लॅट घेत असतील तर तिघींचीही. एकीच्या नावावर करार आणि बाकी दोघी तोंडी, ही व्यवस्था पैसे वाटून घ्यायला चालते, पत्त्याला चालत नाही.

दुसरी चूक नावाच्या आणि पत्त्याच्या अक्षरांची. करारात नाव आधारवर आहे तसंच, अक्षराला अक्षर लावून असावं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आधारवर मधे असेल तर करारातही असावं, आद्याक्षरावर भागवू नये. पत्ता मालकाच्या लाइट बिलावरून उतरवून घ्यावा. जुन्या सोसायट्यांच्या बाबतीत एकाच फ्लॅटचे तीन पत्ते सापडतात. खरेदीखतावर सर्व्हे नंबर असतो, लाइट बिलावर इमारतीचं जुनं नाव आणि पाटीवर नवं नाव. करारात सर्व्हे नंबर आला आणि पोस्टमन ओळखतो ते नाव आलं नाही, तर आधारचं किंवा पासपोर्टचं पाकीट परत जायची भीती असते. पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस येतात तेव्हाही त्यांना घर सापडलं पाहिजे. म्हणून सर्व्हे नंबर राहू द्यावा, पण इमारतीचं नाव, विंग, मजला, रस्ता, पिनकोड हे सगळं मसुद्यात आलंच पाहिजे. दस्त नोंदवल्यावर यातली चूक सुधारायची तर चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. सगळ्यांनी अंगठे देण्याआधीच दहा मिनिटं बसून मसुदा वाचून काढावा, हे त्यापेक्षा सोपं आहे.

आता हा करार कुठे कुठे पुरावा म्हणून चालतो ते पाहू. पासपोर्टच्या बाबतीत यादीतच नोंदणीकृत भाडेकराराचा उल्लेख आहे. मतदार यादीत नाव घालण्याच्या सहा नंबरच्या अर्जावर आणि पत्ता बदलण्याच्या आठ नंबरच्या अर्जावरही भाडेकरूसाठी नोंदणीकृत भाडेपट्टा हा पुरावा दिलेला आहे. आधारमधला पत्ता बदलण्यासाठीही भाडेकरार देता येतो. तिथे ऑनलाइन अर्ज परत येण्याचं एक साधं कारण म्हणजे लोक कराराचं पहिलंच पान चढवतात. नोंदणी क्रमांक एका पानावर, नाव दुसऱ्यावर आणि घराचा पत्ता तिसऱ्यावर असतो, त्यामुळे तपासणाऱ्याला काहीच जुळत नाही. सगळी पानं एकाच फाइलमध्ये, वाचता येतील अशी द्यावीत.

शाळाप्रवेशात याची धार सगळ्यात जास्त जाणवते. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी शाळेपासून घराचं अंतर पाहिलं जातं. त्यामुळे राहण्याचा पुरावा हाच अर्जाचा कणा असतो. भाड्याने राहणाऱ्या पालकांकडून महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार मागितला जातो. तो अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा असावा लागतो आणि त्याची मुदत अकरा महिने किंवा त्याहून जास्त असावी लागते. लॉटरीत नंबर लागल्यावर घाईने केलेला करार उपयोगाचा नसतो. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी नंबर लागूनही केवळ या कागदापायी परत जाणारे पालक असतात, आणि ज्यांच्यासाठी ही योजना आहे ती बहुतेक कुटुंबं भाड्याच्याच खोलीत राहतात. चाळीतला किंवा वस्तीतला खोलीमालक करार नोंदवायला तयार होत नाही, तेव्हा त्याची किंमत एका मुलाच्या आठ वर्षांच्या मोफत शिक्षणाने मोजली जाते. अशा पालकांनी दिवाळीच्या आसपासच करार नोंदवून ठेवावा, अर्ज सुरू व्हायची वाट पाहू नये.

बँकेत मात्र एक वेगळीच गोष्ट घडते आणि ती माहीत नसल्याने बरेच वाद होतात. करार नोंदणीकृत आहे, तरी बँक तो पत्त्याचा पुरावा म्हणून घेत नाही. भाडेकरूला वाटतं कर्मचारी अडवणूक करतो आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत अधिकृत कागदपत्रांची यादी ठरलेली आहे. पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. त्या यादीत खासगी मालकाबरोबरचा भाडेकरार नाही. लिव्ह अँड लायसन्सचा उल्लेख आहे तो सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, बँका किंवा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या यांनी आपल्या कर्मचाऱ्याला दिलेल्या घरापुरता, आणि तोही तात्पुरता. तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं मूळ कागदपत्र द्यावंच लागतं.

म्हणून बँकेच्या खिडकीवर भांडण्यात अर्थ नाही. क्रम बदलायला हवा. आधी नोंदणीकृत करार, त्याच्या बळावर आधारमधला किंवा मतदार यादीतला पत्ता, आणि मग ते कार्ड घेऊन बँक. आधारवर गावचाच पत्ता ठेवायचा असेल तर आधार देताना सध्याचा पत्ता वेगळा असल्याचं स्वतःच्या सहीने लिहून देण्याची मुभाही केवायसीच्या नियमांत आहे. अनेक शाखांमध्ये ती सांगितली जात नाही, विचारावी लागते.

मालकांच्या भीतीचं मी वर म्हटलं होतं. तिला इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय मालकाशी नीट बोलता येत नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य झालं. त्यातून सुटण्यासाठी मालक घर भाड्याने न देता लिव्ह अँड लायसन्सवर देऊ लागले. मग १९७३ मध्ये कायद्यात बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला. एका रात्रीत हजारो मालकांचा आपल्या घरावरचा ताबा गेला, ही आठवण घराघरांत पुढच्या पिढीला सांगितली गेली. “जास्त दिवस ठेवू नका, कागद करू नका” हा सल्ला तिथून आलेला आहे.

पण आज लागू असलेला कायदा तो नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम २४ मालकासाठीच आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालकाला वर्षानुवर्षं चालणाऱ्या दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. आणि तिथे लेखी करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे हे घर माझं आहे, अमुक तारखेपर्यंतच याला राहायला दिलं आहे, असं भाडेकरूच्या अंगठ्यासकट सरकारी दप्तरात लिहून ठेवण्याची संधी म्हणजे नोंदणी. लायसन्सने भाडेकरूचा घरात कुठलाही हक्क निर्माण होत नाही, फक्त वापराची परवानगी मिळते.

“तुझ्या आधारवर माझ्या घराचा पत्ता नको” असं म्हणणाऱ्या मालकालाही हेच सांगावं. आधारवरचा पत्ता राहण्याचा असतो, मालकीचा नसतो. त्याने घरावर हक्क सांगता येत नाही. घर सोडल्यावर भाडेकरू पुढच्या पत्त्याच्या करारावर तो बदलून घेतो. हे बोलणं डिपॉझिट देण्याआधी व्हायला हवं. पैसे देऊन सामान हलवल्यावर नोंदणीचा विषय काढला तर भाडेकरूच्या हातात फारसं काही उरत नाही. टोकन देतानाच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यावं, की करार नोंदणीकृत होणार, खर्च अमुक पद्धतीने वाटला जाणार आणि भाडेकरू म्हणून ही ही नावं असणार.

करार हातात आला की तो खरंच नोंदलेला आहे का, हे तपासणं भाडेकरूचं काम आहे. ऑनलाइन अर्ज भरल्यावर एक टोकन क्रमांक मिळतो. तो मसुद्याचा क्रमांक असतो, नोंदणीचा नव्हे. काही जण पैसे घेऊन एवढाच मसुदा छापून देतात आणि भाडेकरू तो महिनोन्महिने जपून ठेवतो. नोंदलेल्या दस्तावर दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष, नोंदणीची तारीख, सगळ्यांचे फोटो आणि ठसे असतात. त्याच्यासोबत सूची क्रमांक दोन येते, तिच्यात व्यवहाराचा सारांश असतो. हे सगळं असेल तर दस्त पूर्ण. शंका असेल तर दस्त क्रमांक घेऊन त्या कार्यालयात विचारता येतं. करारावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून मिळतात, पण तोवर थांबू नये.

पोलीस पडताळणी हे वेगळं काम आहे. करार नोंदला म्हणजे पोलिसांना कळवलं असं धरून चालू नये. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला देण्याचे आदेश बहुतेक शहरांत असतात आणि ती माहिती मालकाने द्यायची असते. पासपोर्टच्या वेळी ही नोंद आधीच झालेली असेल तर चौकशीला येणाऱ्या पोलिसाचंही काम सोपं होतं.

शेवटची गोष्ट मुदतीची. करार संपला त्या दिवशी तो पत्त्याचा पुरावा म्हणूनही संपतो. तुम्ही त्याच घरात राहत असलात तरी फरक पडत नाही. पासपोर्टच्या भेटीची तारीख करार संपल्यानंतरची असेल तर जुना करार नेऊन उपयोग नाही. अर्ज भरताना करार चालू होता, हे तिथे सांगून भागत नाही. म्हणून करार संपायला दोन महिने असतानाच मालकाशी बोलून नवा मसुदा तयार ठेवावा आणि जुना संपला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवा सुरू होईल अशा तारखा घालाव्यात. मधे पंधरा दिवसांची फट राहिली आणि नेमकं त्याच पंधरवड्यात शाळेच्या पडताळणी समितीने कागद मागवले, तर तिथे घर बदललेलं नाही हे सिद्ध करायला दुसरा कागद नसतो. नवा करार झाल्यावर जुना टाकून देऊ नये. एकाच पत्त्यावर सलग किती वर्षं राहिलात हे दाखवायची वेळ अधिवास प्रमाणपत्रासारख्या कामात येते, आणि तेव्हा एकापाठोपाठचे नोंदणीकृत करार एकत्र लावून दाखवता येतात.